डिपॉझिट परत मागणारा मेसेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर सोडलेल्या भाडेकरूंकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणात एकच प्रकरण शेवटपर्यंत चालवलं आहे. त्यातले आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत, म्हणून चलन दिलेलं नाही. कायदा ठिकाणाप्रमाणे बदलतो, पण मेसेज कसा लिहायचा हे फारसं बदलत नाही.

1. मेसेज घर सोडण्याआधी पाठवू की किल्ल्या दिल्यावर?

दोन्ही वेळा पाठवा, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. सोडण्याच्या आठ-दहा दिवस आधीचा मेसेज फक्त आठवणीचा असतो: अमुक तारखेला घर रिकामं करतोय, त्या दिवशी आपण मिळून घर पाहू, मीटरचं रीडिंग घेऊ आणि डिपॉझिटचं ठरवू. त्यात पैशाची मागणी करू नका, कारण घराचा ताबा तुमच्याकडे असेपर्यंत रक्कम देणं लागू झालेलं नसतं.

खरी मागणी किल्ल्या दिल्यानंतर. बहुतेक करारांत परताव्याची मुदत ताबा दिल्यापासून मोजली जाते, म्हणून किल्ल्या कधी आणि कोणाच्या हातात दिल्या याची नोंद हवी. किल्ल्या वॉचमनकडे ठेवून निघून जाणाऱ्यांची पुढे याच मुद्द्यावर अडचण होते. मालक म्हणतात, 'मला तर दहा तारखेला मिळाल्या.' मालक स्वतः येऊ शकत नसतील तर कोणाकडे द्यायच्या हे त्यांच्याकडूनच लेखी विचारून घ्या आणि दिल्यावर लगेच कळवा.

2. मेसेजमध्ये नेमकं काय काय लिहायचं?

तुमच्या घराची काहीही माहिती नसलेल्या माणसाने हा मेसेज वाचला तरी कोणाचं, किती, कशाच्या आधारावर आणि कधीपर्यंत देणं आहे हे त्याला कळलं पाहिजे. वाद वाढला तर पुढे तो वाचणारा माणूस असाच अनोळखी असतो.

समजा करार 1 जून 2024 चा, डिपॉझिट 60,000. घर 31 मे 2025 ला सोडलं. विजेचं शेवटचं बिल 1,840 आलं. 3 जूनला पाठवायचा मेसेज असा:

> नमस्कार सर,
> 1 जून 2024 च्या भाडेकरारानुसार मी आपल्या घरात राहत होतो. 31 मे 2025 रोजी घर रिकामं करून तिन्ही किल्ल्या आपल्या हातात दिल्या. त्या वेळी आपण दोघांनी घर पाहिलं आणि मीटरचं रीडिंग घेतलं.
> करार करताना मी 60,000 अनामत रक्कम आपल्या बँक खात्यात जमा केली होती. कराराच्या कलम 9 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 15 दिवसांत ती परत करायची आहे. विजेचं अंतिम बिल 1,840 माझ्याकडून येणं आहे. ते वळतं केल्यावर 58,160 राहतात.
> पंधरावा दिवस रविवारी येतो. त्यामुळे ही रक्कम सोमवार, 16 जून 2025 पर्यंत खालील खात्यात जमा करावी, ही विनंती. आणखी काही कापायचं असल्यास कशासाठी किती, ते याच तारखेपर्यंत बिलासह कळवावं.
> सोबत कराराच्या कलमाचा फोटो, बिल आणि खात्याचा तपशील देत आहे.

यात कोणाच्या हेतूबद्दल एक शब्दही नाही. 'तुम्ही टाळाटाळ करताय' असं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं, तर उत्तर टाळाटाळीबद्दल येतं आणि 58,160 बाजूला राहतात. स्वतःकडून येणारं बिल आपणच आधी वळतं केलंय, हेही महत्त्वाचं. मालकाने तेच आधी दाखवलं तर तुमचा बाकीचा हिशोबही संशयित वाटू लागतो.

3. 'वाजवी तारीख' म्हणजे किती दिवसांची?

करारात मुदत असेल तर तीच. तिच्याआधीची तारीख मागू नका आणि उगाच उदार होऊन पुढची तर अजिबात देऊ नका. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर फक्त पुढचा कामाचा दिवस धरा.

करारात मुदत नसेल तर मालकाला अजून कोणती कामं करायची आहेत ते मोजा. घर एका दिवसात पाहून होतं. एखादी दुरुस्ती असेल तर कारागिराकडून अंदाज मिळायला आठवडाभर लागू शकतो. मोठी रक्कम ट्रान्सफर करताना बँकेच्या रोजच्या मर्यादेमुळे एखादा दिवस जातो. म्हणजे घर व्यवस्थित सोडलं असेल तर दोन-तीन आठवडे पुरेसे होतात, आणि तेवढी मुदत दिली तर कोणी तुम्हाला अवाजवी म्हणणार नाही. 'दोन दिवसांत द्या' असं लिहिलं की दिवस मोजण्याआधीच तुमची बाजू कमकुवत होते.

एकच गोष्ट यापेक्षा जास्त वेळ खाते, ती म्हणजे अंतिम बिल. ते पुढच्या महिन्यात येणार असेल तर सगळी रक्कम त्यासाठी अडकवून ठेवू देऊ नका. आधीच्या तीन बिलांची सरासरी काढा, त्याच्या दुप्पट रक्कम मालकाकडे राहू द्या आणि बाकीची आता मागा. 'बिल आल्यावर उरलेले द्या' ही मागणी सहसा कोणी नाकारत नाही, कारण मालकाचं त्यात काहीच जात नाही.

तारीख नेहमी कॅलेंडरची लिहा. '15 दिवसांत' म्हटलं की कुठल्या दिवसापासून हा नवा वाद सुरू होतो. 'लवकरात लवकर' ही तर मुदतच नव्हे.

4. कायद्यात ठरलेली मुदत नसते का?

काही ठिकाणी असते. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून 21 दिवसांत रक्कम किंवा कपातीचा तपशील द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये किती परत करायचं यावर दोघांचं एकमत झालं की 10 दिवसांत पैसे द्यायचे असतात. भारताच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात रिकाम्या घराचा ताबा घेतानाच, देणी वजा करून, रक्कम परत करायची असं म्हटलं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो.

म्हणून मेसेजमध्ये कायद्याचं कलम टाकण्याआधी ते तुमच्या ठिकाणाला आणि तुमच्या प्रकारच्या कराराला लागू आहे का, हे पाहून घ्या. चुकीचं कलम टाकण्यापेक्षा फक्त कराराचा आधार घेतलेला बरा. मालकाची सही करारावर आहे, त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

5. करारातलं कलम कसं लिहायचं? भाषा फार किचकट आहे.

कलमाचा क्रमांक, त्यातलं तुमच्या कामाचं एक वाक्य जसंच्या तसं, आणि त्या पानाचा फोटो. आपल्या शब्दांत सारांश देऊ नका, कारण मग सारांश बरोबर आहे की नाही यावरच चर्चा होते.

कलम पूर्ण वाचा, गैरसोयीचा भागही. 'नुकसान आणि थकबाकी वजा करून' असे शब्द त्यात बहुधा असतातच. ते गाळून उद्धृत केलंत तर मालक पुढचं वाक्य पाठवतील आणि तुमची लपवाछपवी दिसेल. त्याच कलमात 'साधारण वापराने होणारी झीज वगळून' असं असेल तर तेही तुमच्याच कामाचं आहे. त्याचा उपयोग प्रश्न 9 मध्ये दाखवला आहे.

करार एकदा-दोनदा वाढवला असेल तर डिपॉझिट मूळ करारात घेतलेलं असतं आणि मुदतीचं कलम शेवटच्या करारात. दोन्ही तारखा लिहा.

6. लेखी करारच नाही. मग काय लिहू?

पैसे दिल्याचा पुरावा हाच आता तुमचा आधार. बँकेची नोंद, त्या दिवशीचा 'डिपॉझिट मिळालं' असा मेसेज, पावती, यांपैकी काहीही चालेल. 'तोंडी ठरल्याप्रमाणे' एवढंच लिहिण्यापेक्षा काय ठरलं होतं ते एका वाक्यात मांडा: अमुक तारखेला अमुक रक्कम डिपॉझिट म्हणून दिली, घर सोडल्यावर परत करायचं ठरलं होतं. मालकांनी उत्तरात 'देतो, जरा थांबा' म्हटलं तरी त्यांनी रक्कम मान्य केली असं होतं. रोखीत दिलेले आणि पावती नसलेले पैसे असतील तर हा मेसेज आणखी लवकर पाठवा, संबंध गोड असतानाच.

7. घरमालकांना मी काका म्हणतो. असा कोरडा मेसेज पाठवायला कसंतरी वाटतं.

काकाच म्हणा. 'नमस्कार काका, तब्येत कशी आहे?' असं एक वाक्य लिहून मग हिशोब द्या. आपुलकी हाकेत आणि पहिल्या ओळीत ठेवा, रक्कम आणि तारीख मात्र जशीच्या तशी राहू द्या. अडचण 'काका' म्हटल्याने होत नाही, 'तुमच्या सोयीने बघा' म्हटल्याने होते. सोयीने बघायला सांगितलेल्या पैशांना मुदत उरत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा मागताना तुम्हालाच ओशाळल्यासारखं वाटतं.

फोनवर बोलायचंच असेल तर जरूर बोला. ठेवल्यावर दोन ओळी पाठवा: 'काका, आत्ता बोलल्याप्रमाणे 16 तारखेपर्यंत 58,160 जमा करताय. काही वेगळं असेल तर कळवा.'

8. व्हॉट्सअ‍ॅप चालेल की पत्रच हवं?

करारात 'नोटीस अमुक पत्त्यावर लेखी द्यावी' असं असेल तर तसंच. नसेल तर ज्या माध्यमावर तुमचं भाड्याचं बोलणं व्हायचं, तिथेच पहिला मेसेज पाठवा आणि त्याचीच प्रत ईमेल करा. गायब होणारे मेसेज चालू असतील तर ते आधी बंद करा. व्हॉइस नोट टाळा, तारीख आणि आकडा त्यात हरवतात. दुसऱ्या मागणीला (प्रश्न 13) पोच मिळणारं पत्र योग्य.

9. मालक म्हणतात, पूर्ण घराला रंग द्यावा लागेल, 12,000 कापतो. हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर. दोन प्रश्न वेगळे ठेवा: नुकसान तुमच्यामुळे झालं का, आणि झालं असेल तर त्याची आजची किंमत किती.

राहत्या घरात रंग फिका पडतो, स्विचबोर्डभोवती बोटांचे डाग पडतात, सोफ्यामागची भिंत मळते. ही झीज आहे. भाडं घेतलं जातं ते याच वापरासाठी. भिंतीवर मुलाने क्रेयॉनने काढलेली चित्रं, तुटलेला नळ, खिळा ठोकताना उडालेली फरशी हे मात्र नुकसान. करारात 'रंगाचा खर्च भाडेकरूचा' असं स्पष्ट कलम असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी कलम वाचा.

आता आपल्याच उदाहरणात मालकांनी 10 जूनला कळवलं: पूर्ण रंग 12,000, नळ 900. भाडेकरूने ताबा घेताना फोटो काढले होते. त्यात हॉलची एक भिंत स्वच्छ होती, आज तिच्यावर क्रेयॉन आहे. ती भिंत त्याची जबाबदारी, बाकीचं घर नाही. त्या एका भिंतीचा खर्च कारागिराने 3,000 सांगितला.

पण तेवढेही पूर्ण द्यायचे नाहीत. घराला रंग तीन वर्षांपूर्वी दिला होता. असा रंग साधारण पाच वर्षं चालतो असं धरलं, तर त्याचं तीन पंचमांश आयुष्य आधीच संपलंय. दोन वर्षांनी मालकांना तो द्यावाच लागला असता. म्हणून भाडेकरूकडे 3,000 चे दोन पंचमांश, म्हणजे 1,200 येतात. पूर्ण 3,000 घेतले तर मालकांना जुन्या भिंतीच्या बदल्यात नवी मिळते, आणि तो फायदा भाडेकरूच्या खिशातून होतो. नळ मात्र मान्य.

> नमस्कार सर, आपला 10 जूनचा मेसेज मिळाला. नळाचे 900 मान्य आहेत. हॉलच्या क्रेयॉन लागलेल्या भिंतीचा खर्च 3,000 असून रंग तीन वर्षांचा आहे, म्हणून उरलेल्या दोन वर्षांपुरते 1,200 मान्य करतो. बाकी भिंतींवर साधारण वापराची झीज आहे, ती कलम 9 मध्ये वगळलेली आहे. ताबा घेतानाचे आणि देतानाचे फोटो सोबत आहेत. त्यामुळे 58,160 मधून 2,100 वजा जाऊन 56,060 राहतात. ते ठरल्याप्रमाणे 16 जूनपर्यंत जमा करावेत.

पाच वर्षं हा आकडा अंतिम नाही. मालक चार म्हणू शकतात, तुम्ही सहा. त्यावर घासाघीस झाली तरी ती काही शेकड्यांची होते. 12,000 विरुद्ध शून्य अशी ओढाताण उरत नाही.

10. वाद चालू असताना मालकांनी अर्धीच रक्कम पाठवली. घेऊ की परत करू?

परत करू नका. त्याच दिवशी लिहा: '30,000 मिळाले. हे एकूण रकमेपैकी अंशतः म्हणून स्वीकारतो. 26,060 बाकी आहेत.' पैशाबरोबर 'पूर्ण व अंतिम हिशोब' असा मजकूर आला असेल किंवा तशा पावतीवर सही मागितली तर मात्र थांबा. अशा सहीनंतर बाकी रक्कम मागणं फार कठीण होतं. शब्द बदलून 'अंशतः प्राप्त' लिहूनच सही करा.

11. 'नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो' असं उत्तर आलं. थांबावं का?

करारात तसं लिहिलेलं नसेल तर थांबायची गरज नाही. नवा भाडेकरू कधी येईल हे तुमच्या हातात नाही आणि त्याची जोखीम तुम्ही घेतलेली नाही. मालकाची अडचण खरी वाटली तर हप्ते मान्य करा, पण प्रत्येक हप्त्याला रक्कम आणि तारीख हवी, आणि पहिला हप्ता लगेच. 'आला की' या शब्दांवर काही मान्य करू नका.

12. शेवटच्या महिन्याचं भाडं न देता डिपॉझिटमधूनच वळतं करून घ्या असं सांगितलं तर चालतं ना?

मालकांनी लेखी हो म्हटलं तर चालतं. परस्पर केलं तर तुम्ही थकबाकीदार ठरता, आणि करारात विलंबाचा दंड असेल तर तोही कापला जातो. मालक पैसे देणारच नाहीत अशी भीती वाटते म्हणून लोक हे करतात. भीती समजते, पण त्यामुळे प्रश्न 2 मधला स्वच्छ हिशोब गढूळ होतो. मुदतीआधी किंवा नोटिशीशिवाय घर सोडणाऱ्यांचंही थोडं असंच आहे: करारात ठरलेलं नोटीस-काळाचं भाडं आधी स्वतःच वळतं करा आणि उरलेलं मागा. मधल्या काळात घर पुन्हा भाड्याने गेलं असेल तर ते दोन्हीकडून वसूल होत नाही ना, हे विचारायला हरकत नाही.

13. तारीख उलटून गेली, उत्तर नाही. पुढचा मेसेज कसा असावा?

पहिल्यापेक्षा लहान. मुदत संपल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठवा, कारण दोन महिने गप्प राहिलात तर घाई नव्हती असंच दिसतं.

> नमस्कार सर, 3 जूनच्या मागणीची आणि 11 जूनच्या हिशोबाची मुदत 16 जूनला संपली. 56,060 अजून मिळालेले नाहीत. कृपया 25 जून 2025 पर्यंत जमा करावेत. तोपर्यंत न मिळाल्यास मी वसुलीसाठी कायदेशीर मार्ग घेईन. आधीचे दोन्ही मेसेज सोबत जोडले आहेत.

'कायदेशीर मार्ग' फक्त तेव्हाच लिहा जेव्हा 26 तारखेला तुम्ही खरंच काहीतरी करणार आहात: वकिलाची नोटीस, भाडेविषयक प्राधिकरणाकडे अर्ज, लहान रकमांच्या दाव्यांचं न्यायालय, जे तुमच्याकडे उपलब्ध असेल ते. पोलिसांची धमकी, नातेवाइकांना मेसेज किंवा सोसायटीच्या ग्रुपवर बोभाटा करू नका. पुढे तोच मजकूर तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो.

14. आम्ही दोघं राहत होतो, डिपॉझिट निम्मं-निम्मं भरलं. माझा वाटा मी एकटा मागू शकतो का?

करार दोघांच्या नावे असेल तर मालकाच्या दृष्टीने रक्कम एकच आहे. मागणी दोघांच्या नावाने करा आणि कोणत्या खात्यात किती जमा करायचे ते त्याच मेसेजमध्ये लिहा. दोघांनीही तो पाठवावा किंवा एकाने पाठवून दुसऱ्याने 'मान्य' असं उत्तर द्यावं. एकट्याने मागितलं तर उद्या दुसरा पुन्हा मागेल या भीतीने मालक थांबतात, आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही.

15. मधेच घर विकलं गेलं. डिपॉझिट जुन्या मालकाकडे मागायचं की नव्या?

दोघांनाही एकच मेसेज पाठवा. त्यात कोणाला दिलं, कधी दिलं आणि विक्रीनंतर भाडं कोणाला भरत होता हे लिहा, आणि डिपॉझिट विक्रीच्या व्यवहारात नव्या मालकाकडे गेलं का ते विचारा. जबाबदारी कोणाची हे ठिकाणच्या कायद्यावर आणि त्या दोघांच्या खरेदीखतावर ठरतं. मालकाचं निधन झालं असेल तर मागणी वारसांच्या नावे करा, सांत्वनाचे काही दिवस जाऊ द्या, पण तारीख त्यातही लिहा.